रूपांतरणकाल : शेत ‘सेंद्रिय’ केव्हा ठरते?

प्रमाण कशाचे? प्रचलित शेतीत तयार मालातील कीटकनाशकाचा अंश विहित मर्यादेत आहे की नाही, एवढेच मुख्यतः तपासले जाते. सेंद्रिय प्रमाणपत्र मात्र मालाचे नसून प्रक्रियेचे असते. म्हणून बियाणे, निविष्ठांच्या पावत्या, शेजारच्या फवारणीपासून राखलेला पट्टा आणि विक्रीची नोंदवही यांचीही दरसाल तपासणी होते, आणि केवळ प्रयोगशाळेचा निर्दोष अहवाल पुरत नाही.

मुदत. अपेडाच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकांस पेरणीपूर्वी सामान्यतः 24 महिने, बहुवार्षिक पिकांस पहिल्या सेंद्रिय तोडणीपूर्वी 36 महिने.

उदाहरण. समजा, नाशिककडील एका शेतकऱ्याचा रूपांतरणकाल जून 2022 मध्ये सुरू झाला. जून 2024 अखेर पेरलेले सोयाबीन सेंद्रिय ठरेल. द्राक्षबागेची मुदत मात्र जून 2025 मध्ये संपत असल्यामुळे त्या वर्षीच्या फेब्रुवारीतील तोडणी हुकते, आणि 2026 च्या हंगामाची वाट पाहावी लागते. मधल्या काळात खर्च सेंद्रिय, भाव बहुधा प्रचलित; खरी कसोटी हीच.

भंग. निषिद्ध रसायन वापरल्याचे सिद्ध झाल्यास त्या क्षेत्राचा रूपांतरणकाल पुन्हा आरंभापासून मोजला जाऊ शकतो.