निम्मे संपायला किती वेळ?

रासायनिक गतिशास्त्राचा धडा आला की पहिल्या वर्षाच्या वहीत एक तक्ता हमखास उतरवला जातो: शून्य, पहिली आणि दुसरी ऑर्डर, प्रत्येकीचे समीकरण, प्रत्येकीचा आलेख, प्रत्येकीच्या अर्धायुष्याचे सूत्र. परीक्षेपुरता तो पाठही होतो. पण वेळ आणि संहती यांचे नुसते आकडे समोर ठेवून कुणी ‘हिची ऑर्डर सांग’ म्हटले, तर सुरुवात कुठून करायची हे उमगत नाही. सुरुवातीला एक साधा प्रश्न पुरतो. निम्मा पदार्थ संपायला किती वेळ लागला, आणि उरलेल्यातला निम्मा संपायला किती?

हा प्रश्न एका खऱ्या अभिक्रियेला विचारून पाहू. डायनायट्रोजन पेंटॉक्साइड, म्हणजे N₂O₅, आपोआप फुटतो आणि त्यापासून नायट्रोजन डायऑक्साइड व ऑक्सिजन तयार होतात:

2N₂O₅ → 4NO₂ + O₂

हा पदार्थ कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये विरघळवला तर NO₂ द्रावणातच राहतो आणि ऑक्सिजन तेवढा बाहेर पडतो. त्यामुळे जमलेल्या ऑक्सिजनचे आकारमान मोजले की किती N₂O₅ फुटला आणि किती शिल्लक आहे, याचा हिशेब लागतो. ४५ अंश सेल्सिअसला मिळालेले हे आकडे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापले जातात:

| वेळ (सेकंद) | N₂O₅ ची संहती (मोल प्रति लिटर) |
|---|---|
| ० | २.३३ |
| १८४ | २.०८ |
| ३१९ | १.९१ |
| ८६७ | १.३६ |
| ११९८ | १.११ |
| १८७७ | ०.७२ |
| २३१५ | ०.५५ |
| ३१४४ | ०.३४ |

आलेख कागदावर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर संहती घेऊन हे बिंदू मांडा आणि त्यांतून हाताने सलग वक्र काढा. २.३३ चे निम्मे म्हणजे साधारण १.१७. त्या उंचीवर आडवी रेघ मारली की ती वक्राला ११२० सेकंदांच्या आसपास छेदते. आता १.१७ चे निम्मे, म्हणजे ०.५८. तिथली रेघ २२२० सेकंदांजवळ छेदते. पहिले निम्मे संपायला सुमारे ११२० सेकंद लागले आणि दुसरे संपायला सुमारे ११००. हाताने काढलेल्या वक्रात एवढा फरक पडायचाच. दोन्ही अर्धायुष्ये सारखी आहेत असे धरायला हरकत नाही.

पदार्थ निम्म्यावर आला तरी पुढचा निम्मा संपायला तेवढाच वेळ लागला, याचा अर्थ अभिक्रियेचा दरही निम्म्यावर आला. दर संहतीच्या प्रमाणात बदलतो. हीच पहिली ऑर्डर. दराला संहतीने भागले की जो आकडा कायम राहतो तो दर स्थिरांक k. पहिल्या ऑर्डरसाठी अर्धायुष्य म्हणजे ०.६९३ भागिले k. इथे ०.६९३ ला १११० ने भागले तर k सुमारे ०.०००६२ प्रति सेकंद येतो. याचा अर्थ सोपा आहे: त्या तापमानाला दर सेकंदाला, शिल्लक असलेल्या दर दहा हजार रेणूंपैकी सहाएक रेणू फुटतात. रेणू भरपूर उरलेत की थोडे, याने हे प्रमाण बदलत नाही.

डोळ्याने काढलेला हा निष्कर्ष सरळ रेषेवर तपासून घेता येतो. संहतीचा नैसर्गिक लॉग घ्या आणि तो वेळेसमोर मांडा. सुरुवातीला तो ०.८४६ आहे, ८६७ सेकंदांना ०.३०७, १८७७ ला उणे ०.३२९ आणि ३१४४ ला उणे १.०७९. या चार बिंदूंमधल्या तीन टप्प्यांचा चढ काढला तर तो अनुक्रमे उणे ०.०००६२, उणे ०.०००६३ आणि उणे ०.०००५९ येतो. रेषा खाली जाते म्हणून चढ ऋण. चिन्ह बदलले की तोच k. दुसरी ऑर्डर असती तर लॉगऐवजी १ भागिले संहती सरळ रेषेत आली असती. तेही करून बघा. त्याच तीन टप्प्यांचा चढ आधी ०.०००३५, मग ०.०००६५ आणि शेवटी ०.००१२२ होतो. ही रेषा वर वर वाकत जाते. स्थिरांक म्हणून काढलेला आकडा टप्प्यागणिक वाढत चालला, तर धरलेली ऑर्डर चुकली, हे ओळखावे.

इथे एक गोष्ट खटकायला हवी. समीकरणात N₂O₅ च्या मागे २ आहे, मग ऑर्डर १ कशी? कारण समीकरण फक्त सुरुवात आणि शेवट सांगते, मधला मार्ग सांगत नाही. रिचर्ड ऑग यांनी १९४७ मध्ये सुचवलेल्या मार्गानुसार N₂O₅ चा एक रेणू आधी NO₂ आणि NO₃ यांत तुटतो. ते पुन्हा जुळूही शकतात. क्वचित कधी या दोघांच्या टकरीतून NO आणि ऑक्सिजन निघतात आणि गाडी पुढे जाते. दोन N₂O₅ एकमेकांवर आदळण्याची पायरी यात कुठेच नाही. म्हणून ऑर्डर प्रयोगातूनच काढावी लागते. समीकरणातले आकडे बघून ती लिहिणे हा पहिल्या वर्षातला सर्वांत महागडा शॉर्टकट आहे.

आता याच अभिक्रियेतून निघालेला NO₂ घेऊ. ३०० अंश सेल्सिअसला तोही फुटतो. त्यातून NO आणि ऑक्सिजन मिळतात. संहती ०.०१ मोल प्रति लिटरपासून सुरू केली तर १०० सेकंदांनी ती ०.००६४९ आणि २०० सेकंदांनी ०.००४८१ होते. निम्म्यावर, म्हणजे ०.००५ वर, ती साधारण १८५ सेकंदांना येते. N₂O₅ ची सवय लागलेला विद्यार्थी म्हणेल, आणखी १८५ सेकंदांनी ०.००२५ उरेल. तसे होत नाही. ३०० सेकंदांनंतरही ०.००३८ शिल्लक असते आणि ०.००२५ पर्यंत यायला एकूण ५५५ सेकंदांच्या आसपास लागतात. दुसरे अर्धायुष्य पहिल्याच्या दुप्पट झाले. इथे दर संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात आहे. संहती निम्मी झाली की दर पाव होतो, म्हणून उरलेला निम्मा भाग संपायला दुप्पट वेळ लागतो. ही दुसरी ऑर्डर, आणि तिचे अर्धायुष्य १ भागिले (k गुणिले सुरुवातीची संहती). त्यावरून k सुमारे ०.५४ येतो. त्याचे एकक ‘प्रति सेकंद’ नसते. ते ‘लिटर प्रति मोल प्रति सेकंद’ असते. प्रश्नपत्रिकेत k चे एकक दिले असेल तर ऑर्डर तिथेच सांगून टाकलेली असते; बरेच जण ते वाचतच नाहीत.

शून्य ऑर्डरचे नमुनेदार उदाहरण म्हणजे तापलेल्या टंगस्टनच्या तारेवर अमोनिया फुटणे. हिन्शेलवुड आणि बर्क यांनी १९२५ मध्ये त्याचा अभ्यास केला. ११०० अंश सेल्सिअसला अमोनियाचा सुरुवातीचा दाब २६५ मिलिमीटर असताना अर्धायुष्य ७.६ मिनिटे भरले, १३० मिलिमीटरला ३.७ मिनिटे आणि ५८ मिलिमीटरला १.७ मिनिटे. दाबाला अर्धायुष्याने भागा: ३४.९, ३५.१, ३४.१. अर्धायुष्य सुरुवातीच्या दाबाच्या सरळ प्रमाणात आहे. एकाच प्रयोगात पाहिले तर प्रत्येक पुढचे अर्धायुष्य आधीच्याच्या निम्मे व्हायला हवे. कारण अभिक्रिया तारेच्या पृष्ठभागावर होते आणि तो पृष्ठभाग अमोनियाने पूर्ण भरलेला असतो. तिकीट खिडकीसमोर रांग पन्नास जणांची असो की पाचशेंची, मिनिटाला तिकिटे तेवढीच निघतात, तसेच हे. अर्थात रांगच संपत आली की हा नियम मोडतो. दाब फार कमी झाल्यावर तारेवर मोकळ्या जागा राहू लागतात आणि सरळ उतरणारी रेषा शेवटाकडे वाकते. म्हणून ‘शून्य ऑर्डर’ लिहिताना ती कोणत्या दाबापर्यंत खरी आहे, हेही लिहायला हवे.

म्हणजे खूण अशी: अर्धायुष्ये सारखी राहिली तर पहिली ऑर्डर, दुप्पट होत गेली तर दुसरी, निम्मी होत गेली तर शून्य. पण ही खूण पटायला प्रयोग पुरेसा लांबवावा लागतो. पुन्हा वरचा तक्ता घ्या आणि फक्त पहिले तीन बिंदू ठेवा, ३१९ सेकंदांपर्यंतचे. तेवढ्यात संहती जेमतेम १८ टक्के उतरली आहे. त्या तीन बिंदूंतून संहतीचा आलेखही जवळपास सरळ दिसतो, लॉगचाही आणि १ भागिले संहतीचाही. मोजमापात दोन-तीन टक्क्यांची चूक धरली तर तिन्हींपैकी कोणती रेषा खरी, हे सांगता येत नाही. प्रयोगशाळेत वेळ संपत आला म्हणून अभिक्रिया अर्ध्यावर सोडून सुंदर सरळ रेषा काढणारे नेमके इथे फसतात. किमान दोन अर्धायुष्ये, जमल्यास तीन, एवढा वेळ बिंदू घेत राहावे. मात्र शेवटच्या बिंदूंवर फार विसंबू नये. संहती थोडी उरली की मोजण्यातली तेवढीच चूक लॉगमध्ये मोठी होऊन उमटते. वरच्या हिशेबात तिसऱ्या टप्प्याचा k किंचित घसरला होता, त्याला असेही कारण पुरते.

शेवटी k लिहिताना होणारा एक गोंधळ. एका पुस्तकात वरच्या अभिक्रियेचा k ०.०००६२ सापडेल, दुसऱ्यात ०.०००३१. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्याने N₂O₅ किती वेगाने संपतो तो दर धरला आहे. दुसऱ्याने समीकरणातल्या २ ने भागून अभिक्रियेचा दर धरला आहे. दुसऱ्या पद्धतीत अर्धायुष्य ०.६९३ भागिले २k होते आणि उत्तर तेच, सुमारे १११० सेकंद, येते. अर्धायुष्य हे आलेखावरून वाचलेले असते, ते लिहिण्याच्या पद्धतीने बदलत नाही. ते बदलते तापमानाने आणि माध्यमाने. हाच N₂O₅ वायुरूपात ४५ अंशांना सुमारे २३ मिनिटांत निम्मा होतो, तर २५ अंशांना त्यालाच साडेपाच तास लागतात. म्हणून नुसता k लिहून उत्तर पूर्ण होत नाही. त्याच्या शेजारी एकक, तापमान आणि कोणत्या पदार्थाचा दर धरला, या तीन गोष्टी लिहिल्या, तरच तो आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.