पहिली टेस्ट फ्री! पण तिच्यातून तुम्ही काय काढणार?

पाथर्डीच्या एसटी स्टँडवरून अभ्यासिकेकडे चालत निघालात, तर वाटेत अशी एखादी तरी जाहिरात दिसतेच : 'टेस्ट सिरीज सुरू, नमुना पेपर बघा, सविस्तर परफॉर्मन्स अ‍ॅनालिसिस, पहिली टेस्ट मोफत'. भिंतीवर नसली तर मोबाईलवर असते. फ्री आहे म्हटल्यावर आपण लगेच नाव टाकतो, पेपर सोडवतो, मार्क बघतो, ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो आणि विसरून जातो. खरं तर ही एक फ्री टेस्ट नीट वापरली, तर दोन गोष्टी कळतात. सिरीज पैसे देण्यालायक आहे का, आणि आपले मार्क नेमके कुठे गळतायत. आज या दोन्हींचा हिशोब करू.

उदाहरणाला एमपीएससीची गट-क संयुक्त पूर्व परीक्षा घेऊ. १०० प्रश्न, १०० मार्क, वेळ एक तास. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी पाव भाग वजा. म्हणजे चार चुकले की एक बरोबर उत्तर पाण्यात.

आधी नमुना पेपर तपासा

पेपर चांगला की भरताड, हे अवघड-सोप्यावरून ठरत नाही. ते चुकीच्या पर्यायांवरून ठरतं. दोन प्रश्न बघा.

प्रश्न १. एक बस ५४ किमी अंतर ताशी ३६ किमी वेगाने जाते आणि तेच अंतर ताशी ५४ किमी वेगाने परत येते. पूर्ण प्रवासातला तिचा सरासरी वेग ताशी किती?
(१) ४५ किमी (२) ४३.२ किमी (३) ४४ किमी (४) ९० किमी

घाईत असलेला मुलगा ३६ आणि ५४ ची बेरीज करून दोनने भागतो आणि ४५ वर गोल काळा करतो. पण बसला जायला दीड तास लागला, यायला एक तास. १०८ किमी अडीच तासांत, म्हणजे ताशी ४३.२. उत्तर पर्याय दोन. आता गंमत बघा : ४५ हा पर्याय पेपर काढणाऱ्याने मुद्दाम ठेवलाय, कारण सगळे कुठे घसरतात ते त्याला माहीत आहे. पहिल्या तीन पर्यायांच्या जागी ३०, ४३.२ आणि ७० असते, तर गणित न करताही उत्तर सापडलं असतं.

प्रश्न २. राज्य लोकसेवा आयोगाबाबत योग्य विधान/ने निवडा.
(अ) अध्यक्षांची नेमणूक राज्यपाल करतात.
(ब) अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा अधिकारही राज्यपालांना आहे.
(१) फक्त अ (२) फक्त ब (३) दोन्ही (४) एकही नाही

नेमणूक राज्यपाल करतात, पण दूर करण्याचा अधिकार राष्ट्रपतींकडे आहे. संविधानाची कलमं ३१६ आणि ३१७. उत्तर पर्याय एक. अर्धवट वाचलेला हमखास 'दोन्ही'वर जातो.

नमुना पेपरात असे सापळे किती आहेत ते मोजा. मग आयोगाच्या संकेतस्थळावरून (mpsc.gov.in) त्याच परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका उतरवून घ्या आणि दोन्ही पेपर शेजारी ठेवा. विधानांचे प्रश्न, जोड्या लावा, 'अयोग्य विधान ओळखा' यांचं प्रमाण साधारण जुळतंय का? सिरीजवाल्यांनी नुसतं 'उत्तर : १' दिलंय की तीन पर्याय का चुकले तेही सांगितलंय? स्पष्टीकरण नसेल, तर तो पेपर म्हणजे नुसता प्रश्नांचा गठ्ठा आहे. असा गठ्ठा आयोगाकडून फुकट मिळतो.

टेस्ट देताना एक खूण वाढवा

टेस्ट मोबाईलवर असली तरी शक्यतो प्रिंट काढा आणि ओएमआर शीटवर सोडवा, कारण ही परीक्षा कागदावर होते. एक गोल नीट भरायला पाच सेकंद धरले, तर शंभर गोलांना आठ मिनिटांहून जास्त जातात. मोबाईलवर बोट टेकवण्यात ही आठ मिनिटं दिसतच नाहीत आणि खऱ्या परीक्षेत ती अंगावर येतात.

दुसरं, प्रत्येक उत्तरापुढे प्रश्नपत्रिकेवर एक छोटी खूण करा. खात्री असेल तर 'ख'. दोन पर्यायांत अडकून एक निवडला तर 'द'. अंदाजाने ठोकलं तर 'अं'. एवढंच. पण पुढचं सगळं अ‍ॅनालिसिस या खुणांवर उभं राहतं, आणि कुठलंही अ‍ॅप ही माहिती आपोआप काढू शकत नाही. तुमच्या मनात उत्तर देताना काय चाललं होतं, ते तुम्हालाच माहीत असतं.

आता एक निकाल उलगडू

समजा, तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने फ्री टेस्ट दिली. ८० प्रश्न सोडवले, ४६ बरोबर, ३४ चूक, २० कोरे. चुकांचे साडेआठ मार्क वजा झाले आणि हातात राहिले ३७.५. अ‍ॅपने रंगीत तक्ता दिला : अचूकता ५७.५ टक्के, राज्यघटना कच्ची, रँक अमुक. खाली बटण : 'पूर्ण सिरीज घ्या'.

या तक्त्यातून ती उद्या सकाळी काय वेगळं करणार? काहीच नाही. आता तिच्या खुणा मोजू.

'ख' ४० प्रश्नांना होती. त्यातले ३४ बरोबर, ६ चूक. मिळाले ३२.५.
'द' २४ प्रश्नांना. १० बरोबर, १४ चूक. मिळाले ६.५.
'अं' १६ प्रश्नांना. २ बरोबर, १४ चूक. मिळाले उणे १.५.

पाव मार्क वजा असतो तेव्हा बरोबरीची रेषा २० टक्क्यांवर येते. पाच उत्तरांत एक बरोबर आलं, तर एक मिळतो आणि चार चुकांचा एक जातो. हिशोब शून्य. चार पर्यायांतून अगदी डोळे मिटून उत्तर दिलं, तर सरासरी २५ टक्के बरोबर यायला हवीत, म्हणजे किंचित फायदाच. मग हिला तोटा का झाला? कारण आपण डोळे मिटून अंदाज करत नाही. ओळखीचा वाटणारा पर्याय निवडतो, आणि सापळा तिथेच लावलेला असतो. तिची अंदाजाची टक्केवारी साडेबारा आली.

पण थांबा, १६ प्रश्न हा फार छोटा नमुना आहे. नुसतं नशीब वाईट असलं तरी १६ पैकी दोनच बरोबर येऊ शकतात. म्हणून एका टेस्टवरून 'अंदाज बंद' असा नियम करू नका. तीन टेस्टचे 'अं' एकत्र करा. तरीही आकडा २० टक्क्यांच्या खाली असेल, तर ते प्रश्न कोरे सोडा. 'द' मात्र सोडू नका. ४२ टक्के बरोबर येऊनही तिथे साडेसहा मार्क जमले.

आणि हेही नीट बघा : अंदाज पूर्ण बंद केला तरी तिचे फक्त दीड मार्क वाढतात. मोठी गळती दुसरीकडेच आहे.

एक, खात्रीची सहा उत्तरं चुकली. मिळायचा एक गेला, वर पाव कापला, म्हणजे प्रत्येकी सव्वा मार्क. एकूण साडेसात. कारणं शोधली तर तीन ठिकाणी 'अयोग्य' हा शब्द वाचायचा राहिला होता, दोन ठिकाणी माहिती जुन्या पुस्तकातली होती, एका ठिकाणी गोल खालच्या ओळीत भरला गेला. यात राज्यघटना कच्ची असण्याचा संबंधच नाही.

दोन, २० कोऱ्यांपैकी १४ हे ८७ ते १०० या क्रमांकाचे होते. वेळच उरला नाही. घरी वाचल्यावर त्यातले सहा तिला सहज आले. म्हणजे सहा मार्क तिने न वाचताच सोडले.

मग पुढच्या टेस्टला तिचं काम ठरलं. 'योग्य' की 'अयोग्य' या शब्दाला आधी पेनाने गोल करायचा. पहिल्या फेरीत, साधारण ४० मिनिटांत, शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचायचं आणि लांब गणितं बाजूला ठेवायची. उरलेल्या वेळात 'द'वाले प्रश्न घ्यायचे. पुढच्या पेपरात खात्रीच्या चुका आणि न वाचलेले प्रश्न कमी झाले का, एवढंच बघायचं. एकूण मार्कांकडे लगेच बघू नका, पेपर अवघड असला तर ते खाली येतातच.

लक्षात ठेवा, हा हिशोब पाव मार्काचा आहे. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत एक तृतीयांश कापतात, तिथे बरोबरीची रेषा २५ टक्क्यांवर जाते. २०२३ च्या तलाठी भरतीत निगेटिव्ह मार्किंग नव्हतं, तिथे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे नुकसान. सिरीज ज्या परीक्षेची आहे, तिचेच नियम तिच्यात लावलेत का, ते पहिल्याच टेस्टला तपासा.

पैसे देण्याआधी

रँक बघून हुरळू नका आणि खचूही नका. ती फक्त त्या दिवशी ती टेस्ट दिलेल्या मुलांमधली असते. कितीजणांनी दिली हा आकडा लिहिलेला नसेल, तर त्या रँकला अर्थ नाही. फ्री टेस्ट हा दुकानाच्या काचेत मांडलेला माल असतो, म्हणून मधला एखादा पेपर, समजा सातवा, बघायला मागा. दाखवत नसतील तर काय समजायचं ते समजा.

'आमचे यशस्वी विद्यार्थी' म्हणून फोटो असतील तर त्या मुलांनी तिथे नक्की काय घेतलं होतं ते विचारा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार फोटोसोबत त्या विद्यार्थ्याची रँक, कोर्सचं नाव, कालावधी आणि कोर्सला पैसे भरले होते का, हे सांगावं लागतं. मोफत मुलाखत मार्गदर्शनाला आलेल्यांचे फोटोही पूर्ण कोर्सच्या जाहिरातीत झळकायचे, हे त्यामागचं एक कारण. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते.

आणि शेवटचं : 'फ्री ट्रायल'साठी यूपीआय पिन किंवा कार्ड मागितलं, तर बहुतेक वेळा तुम्ही ऑटोपेला परवानगी देत असता. ट्रायल संपली की पैसे आपोआप कापले जातात. तुमच्या पेमेंट अ‍ॅपमध्ये ऑटोपेचा भाग उघडा, तिथे चालू परवानग्या दिसतात आणि रद्दही करता येतात. घरचे ऊसतोडीला गेलेले असताना खात्यातले पाचशे रुपये गेले की कळतं, ती टेस्ट केवढ्याला पडली ते.