ज्येष्ठमध आणि पोटातलं बाळ

घसा खवखवला की आपण सहज ज्येष्ठमधाची कांडी चघळतो किंवा काढ्यात पूड टाकतो. एरवी ठीक आहे, पण दिवस गेलेले असताना हीच सवय थांबवायला हवी.

आईच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक असतं. वारेतलं एक विकर त्यातलं बरंचसं निष्प्रभ करतं, म्हणून बाळापर्यंत थोडंच पोचतं. ज्येष्ठमधाला गोडी देणारं ग्लिसिरायझिन नेमकं हेच विकर रोखतं. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या-मिठाई फार खाल्ली जाते. तिथल्या अभ्यासात, गरोदरपणी आठवड्याला 500 मिलिग्रॅमहून जास्त ग्लिसिरायझिन पोटात गेलेल्या मातांची मुलं पुढे बुद्धिमापन चाचण्यांत मागे पडलेली आढळली.

आता आपला हिशेब पाहा. अर्धा चमचा पूड म्हणजे साधारण दीड ग्रॅम. दिवसातून दोनदा मधातून घेतली तर तीन ग्रॅम. मुळात 5 टक्के ग्लिसिरायझिन धरलं, तर रोज 150 मिलिग्रॅम, म्हणजे चार दिवसांतच ती मर्यादा ओलांडली! एखादी गोळी चुकून खाल्ली तर घाबरू नका. रोजचं घेणं वाईट.

मूत्रपिंडातही हेच विकर अडतं. मग अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. पाय सुजले, डोकं दुखलं, तर डॉक्टरांना काढ्याबद्दलही सांगा. गरोदरपणी रक्तदाब वाढलेला असेल तर अंगावर पाजतानाही ज्येष्ठमध टाळा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ‘यष्टिमधु’ लिहिलंय का, तेही वाचा.