सांगायला हवं होतं. पण म्हणून हटवायला हवं का?

मंडळी, न्यायालयात गेलं की न्यायाधीश आपल्या वाट्याला येतो, आपण तो निवडत नाही. लवादाचं तसं नाही. तिथे निवाडा करणारा माणूस पक्षकार स्वतः शोधतात आणि त्याचं मानधनही तेच देतात. एक लवाद याने नेमायचा, एक त्याने, आणि तिसरा दोघांनी मिळून किंवा न्यायालयाने, अशी साधारण रीत. निवाड्यावर अपील जवळजवळ नसतंच. म्हणजे ज्याला आपण निवडलं, ज्याची फी आपण भरली, त्याचा शब्द अखेरचा! अशा माणसाकडून तटस्थपणाची अपेक्षा धरायची तर ती नुसत्या सज्जनपणावर सोडून कसं चालेल? म्हणून कायदा त्याच्यावर एक बंधन घालतो: शंका येऊ शकेल असं काही असेल तर ते आधी सांग.

इथे दोन शब्द वेगळे ठेवू. स्वतंत्र असणं म्हणजे पक्षकाराशी नात्याचे, पैशाचे, नोकरीचे धागे नसणं. हे बाहेरून तपासता येतं. निःपक्षपाती असणं ही मनाची अवस्था आहे, आणि मन कुणाला उघडून बघता येत नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, दुसऱ्याच्या मनाचं ज्ञान होतं कसं, हा आमच्या वर्गातला जुना प्रश्न. न्यायालयांनी त्यातून वाट काढली ती अशी: मनात काय होतं हे विचारायचंच नाही, परिस्थिती नीट माहीत असलेला, समतोल विचाराचा एक त्रयस्थ माणूस कल्पायचा आणि त्याला काय वाटेल ते विचारायचं. ‘पक्षपात होण्याची खरीखुरी शक्यता आहे’ असं त्याला वाटलं, तर लवाद हटवायचा. इंग्लंडमध्ये ही कसोटी 2001 सालच्या पोर्टर विरुद्ध मॅगिल या निकालापासून पक्की झाली.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी चालते, हे एका खटल्यातून बघू. हॅलिबर्टन विरुद्ध चब, इंग्लंडचं सर्वोच्च न्यायालय, 27 नोव्हेंबर 2020.

20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तराफ्यावर स्फोट झाला. अकरा माणसं गेली, समुद्रात अफाट तेल सांडलं. तराफा ट्रान्सओशन या कंपनीचा. विहिरीत सिमेंट भरण्याचं काम हॅलिबर्टनचं. दोघांवर दावे झाले. हॅलिबर्टनने दावेदारांशी सुमारे 1.1 अब्ज डॉलरची तडजोड केली आणि चब या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. चबने नकार दिला. वाद पॉलिसीप्रमाणे लंडनमध्ये लवादाकडे गेला.

प्रत्येकाने आपापला लवाद नेमला, पण तिसऱ्या अध्यक्ष लवादावर एकमत होईना. तेव्हा जून 2015 मध्ये उच्च न्यायालयाने केनेथ रॉकिसन या नामांकित बॅरिस्टरांना नेमलं. नाव चबने सुचवलेलं होतं, हॅलिबर्टनचा विरोध होता. नेमणुकीआधी रॉकिसन यांनी आपण चबच्या इतर काही प्रकरणांत लवाद होतो आणि आहोत, हे सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डिसेंबर 2015 मध्ये त्याच स्फोटातून निघालेला ट्रान्सओशन विरुद्ध चब असा दुसरा वाद उभा राहिला. चबने आपल्या बाजूचे लवाद म्हणून रॉकिसन यांनाच नेमलं. हॅलिबर्टनचं प्रकरण आपल्याकडे आहे, हे त्यांनी ट्रान्सओशनला सांगितलं. हॅलिबर्टनला मात्र काहीच सांगितलं नाही. ऑगस्ट 2016 मध्ये त्याच स्फोटाचं तिसरं प्रकरणही त्यांनी घेतलं, ट्रान्सओशन आणि आणखी एका विमा कंपनीमधलं. तेही हॅलिबर्टनला कळवलं नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये हॅलिबर्टनला हे स्वतःहून कळलं, आणि त्यांनी रॉकिसन यांना पद सोडायला सांगितलं.

यात बिघडलं कुठे, असं तुम्ही विचाराल. अनुभवी माणूस, त्याच विषयाची दोन-तीन कामं करतो, यात वावगं काय? इथे जरा थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे. दुसऱ्या प्रकरणात चब पक्षकार आहे, हॅलिबर्टन नाही. कोणता युक्तिवाद या माणसाला पटतो, कोणत्या पुराव्यावर त्याच्या कपाळाला आठी पडते, हे चबच्या वकिलांना तिथे बसून दिसतं. तिथले कागद आणि तिथली साक्ष लवादाच्या डोक्यात जाते आणि ती खोडून काढायची संधी हॅलिबर्टनला मिळत नाही, कारण ती झाली हेच त्याला ठाऊक नाही. आणखी एक: दुसऱ्या नेमणुकीची फीही येते, आणि ती नेमणूक देणारा पक्ष चबच आहे. लवादाने जाणूनबुजून काही केलं असं कुणी म्हणत नव्हतं. हॅलिबर्टननेही म्हटलं नाही. प्रश्न नकळत होणाऱ्या कलाचा होता. लवादाच्या कारवाया बंद दाराआड चालतात, तेव्हा सांगितल्याशिवाय हे दुसऱ्याला कळणार तरी कसं?

रॉकिसन यांनी उत्तरात म्हटलं की सांगायला हवं हे त्या वेळी आपल्या ध्यानात आलं नाही, मागे वळून पाहता कळवणं शहाणपणाचं ठरलं असतं. एकट्या पक्षाच्या सांगण्यावरून पद सोडणं मात्र त्यांना योग्य वाटेना, आणि चब त्यांना सोडायला तयार नव्हती. प्रकरण न्यायालयात गेलं. उच्च न्यायालय, अपील न्यायालय आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय, तिन्ही ठिकाणी हॅलिबर्टन हरली.

पण सर्वोच्च न्यायालय हरवताना काय म्हणालं, ते महत्त्वाचं. पहिलं: सांगणं हे नुसतं सौजन्य नाही, कायद्याचं कर्तव्य आहे. ज्या गोष्टीमुळे रास्त शंका येईल किंवा येऊ *शकेल*, ती सांगितली पाहिजे. दुसरं: एकाच घटनेतून आलेली, एक पक्ष सामाईक असलेली प्रकरणं घेतली तर ती सांगणं या प्रकारच्या विमा-लवादात बंधनकारक आहे. जहाजवाहतूक किंवा धान्यव्यापाराच्या लवादात तज्ज्ञ मूठभर असतात, तेच ते नेमले जातात हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तिथे रीत वेगळी असू शकते. ही सवलत इथे लागू नाही. तिसरं: रॉकिसन यांनी ते कर्तव्य मोडलं. आणि तरीही: त्यांना हटवायचं कारण नाही!

ऐकताना विचित्र वाटतं. चूक सिद्ध, परिणाम शून्य? तर इथे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची घड्याळंही वेगळी आहेत. ‘सांगायला हवं होतं का?’ हा प्रश्न नेमणूक घेतली त्या दिवशीचा, आणि त्याचा उंबरठा ठेंगणा; शंका *येऊ शकेल* एवढं पुरे. ‘हटवावं का?’ हा प्रश्न अर्ज सुनावणीला आला त्या दिवशीचा, इथे जानेवारी 2017 चा, आणि उंबरठा उंच. तोवर जे काही समोर आलं ते सगळं बघून त्या कल्पित त्रयस्थाला पक्षपाताची खरी शक्यता दिसली पाहिजे. न सांगणं हा त्यातला एक मुद्दा, कधी निर्णायक, पण एकटा पुरेसा असेलच असं नाही.

जानेवारी 2017 मध्ये त्रयस्थाला काय दिसत होतं? त्या काळी असं कर्तव्य आहे की नाही, याबद्दल इंग्रजी कायद्यात स्पष्टता नव्हती. ट्रान्सओशनची प्रकरणं नंतर आली होती, आणि त्या दोन्ही प्रकरणांचा निकाल प्राथमिक मुद्द्यावरच लागण्याची शक्यता होती, म्हणजे पुरावा एकमेकांत मिसळण्याची भीती थोडी. तसं झालं नाही तर त्या प्रकरणांतून बाहेर पडायचा विचार करू, असंही रॉकिसन यांनी म्हटलं होतं. त्यांचं पत्र मोकळं आणि सभ्य होतं, हॅलिबर्टनविषयी त्यात राग नव्हता. म्हणून अर्ज फेटाळला गेला. लवाद मंडळाने डिसेंबर 2017 मध्येच बहुमताने चबच्या बाजूने निवाडा दिला होता. एका लवादाने त्यात सामील व्हायला नकार दिला, प्रक्रियेच्या न्याय्यतेबद्दल त्याला चिंता वाटत होती.

आमचं मत विचाराल तर न्यायालयाचा तर्क पटतो, निष्पत्तीने मात्र मन खात राहतं. ‘कायदा तेव्हा अस्पष्ट होता’ ही सबब एकदाच वापरता येते. ट्रान्सओशनला सांगायचं सुचलं, आधीच्या नेमणुका सांगायचं सुचलं, आणि हॅलिबर्टनला सांगायचं नेमकं सुचलं नाही, हा विसंगत तुकडा त्रयस्थाला जरा जास्त टोचायला हवा होता असं आम्हांला वाटतं. आता इंग्लंडने 2025 च्या कायद्याने हे कर्तव्य थेट कलमात लिहिलं आहे, तेव्हा ती सबब पुढच्याला मिळणार नाही.

आपल्याकडे हेच प्रकरण मुंबईत घडलं असतं तर? आपला 1996 चा लवाद आणि समेट कायदा 2015 च्या दुरुस्तीनंतर फार स्पष्ट बोलतो. कलम 12 प्रमाणे लवादाने नेमणुकीआधी ठरावीक नमुन्यात लेखी जाहीर करायचं, आणि ते कर्तव्य नेमणुकीपाशी संपत नाही, शेवटपर्यंत चालतं. पाचव्या परिशिष्टात शंकेच्या 34 परिस्थिती दिल्या आहेत. त्यातली चोविसावी बघा: गेल्या तीन वर्षांत किंवा सध्या, संबंधित विषयावरच्या दुसऱ्या प्रकरणात, ज्यात याच पक्षकारांपैकी कुणी आहे, लवाद असणं. रॉकिसन यांची गोष्ट शब्दशः यात बसते. जहाज-धान्याच्या छोट्या वर्तुळाबद्दलचा अपवादही परिशिष्टाच्या स्पष्टीकरणात आहे.

पण बसली म्हणजे लवाद आपोआप बाद, असं नाही. आपोआप बाद होतो तो सातव्या परिशिष्टातल्या 19 परिस्थितींमध्ये, उदाहरणार्थ लवाद पक्षकाराचा नोकर किंवा सल्लागार असेल तर. सरकारी कंत्राटांत आपलेच अभियंते लवाद नेमायची जुनी पद्धत याच दुरुस्तीने बंद पडली. तिथून सूट घ्यायची तर वाद उभा राहिल्यानंतर दोघांनी स्पष्ट लेखी संमती द्यावी लागते. चोविसावी परिस्थिती मात्र फक्त पाचव्यात आहे. तिथे सांगायचं बंधन निश्चित, हटवायचं की नाही हे तथ्यं बघून ठरतं. म्हणजे इंग्लंडसारखेच दोन उंबरठे, फक्त पहिला आपल्याकडे छापील यादीत आहे.

आणि कुणाला अशी माहिती कळलीच तर? ती कळल्यापासून पंधरा दिवसांत लेखी आक्षेप त्याच लवाद मंडळापुढे द्यायचा. पक्षांनी वेगळी पद्धत ठरवली नसेल, लवाद स्वतःहून हटला नाही आणि समोरचाही मान्य झाला नाही, तर निर्णय तेच मंडळ देतं, म्हणजे ज्याच्यावर आक्षेप तोही त्यात बसतो. आक्षेप फेटाळला तर लगेच न्यायालयात धावता येत नाही. कारवाई पुढे चालते, निवाडा होतो, आणि मग तो रद्द करण्याच्या अर्जात, कलम 34 खाली, हा मुद्दा काढायचा. सातव्या परिशिष्टातलं कारण असेल तेव्हाच मधल्यामध्ये न्यायालयाचं दार उघडतं. पंधराचा सोळावा दिवस झाला की, मनातल्या मनात ‘बघू पुढे’ म्हणत बसलेल्या पक्षकाराला हे सगळं सुरूच करता येणं अवघड होऊन बसतं.