बेरीज जुळली, महिना चुकला

टॅलीतून काढलेलं डे बुक एक्सेलमध्ये उघडलं, की रकाने नीटनेटके दिसतात. पण रकान्यात दिसतं एक आणि असतं दुसरं, आणि अहवाल बिघडतो तो तिथंच.

एका दुकानाचं एप्रिल 2024 चं डे बुक सीएसव्ही करून काढलं आणि त्यावर सरळ डबल क्लिक केलं. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीवर, म्हणजे आधी महिना मग दिवस. त्यामुळे `05-04-2024` हे 5 एप्रिलचं व्हाउचर गुपचूप 4 मे झालं. `13-04-2024` ची मात्र तारीखच झाली नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती नुसता मजकूर म्हणून रकान्याच्या डाव्या कडेला चिकटली. खरी तारीख उजवीकडे असते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या, की समजावं: उजवीकडच्याही उलटल्या आहेत.

अशी फाइल दुरुस्त करत बसू नये, मूळ सीएसव्हीकडे परत जावं. एक्सेलच्या `Data` मधून `From Text/CSV` घ्यावं, `Transform Data` दाबावं आणि आपोआप आलेली `Changed Type` ही पायरी आधी काढून टाकावी. मग तारखेच्या रकान्यावर `Change Type`, `Using Locale`, `English (India)`.

नॅरेशनची गोष्ट वेगळी. ते व्हाउचरच्या खालच्या ओळीत येतं आणि त्या ओळीत तारीख नसते. रिकाम्या तारखांच्या ओळी उडवल्या, की नॅरेशनही जातं. म्हणून आधी ते वर उचलायचं. तारीख A मध्ये, तपशील B मध्ये असेल तर दुसऱ्या ओळीच्या शेवटी हे सूत्र लिहून खाली ओढा:

```
=IF(AND(A2<>"",A3=""),B3,"")
```

मग त्या रकान्याच्या फक्त किमती चिकटवा आणि त्यानंतरच रिकाम्या तारखांच्या ओळी काढा. खातेवार तपशीलही निर्यात केला असेल, तर व्हाउचरखाली एकाहून जास्त ओळी येतात आणि हे सूत्र नॅरेशनऐवजी खात्याचं नाव उचलतं.

रकमेची फसगत थेट एक्सेलमध्ये काढलेल्या येणेबाकीत होते. एका गिऱ्हाइकाकडून येणे `25000.00 Dr`, दुसऱ्याची आगाऊ रक्कम `10000.00 Cr`. बेरीज 15,000 हवी, येते 35,000. चौकटीवर क्लिक केलं तर वरच्या पट्टीत नुसतं 10000 दिसतं, कारण `Cr` हा आकड्याचा भाग नसून वरचा मुलामा असतो. तो रकाना नोटपॅडमध्ये चिकटवून परत आणला, की `Cr` खरोखरची अक्षरं होते. मग त्या रकमांना उणे चिन्ह देता येतं.

शेवटी टॅलीशी पडताळा घेताना नुसती एकूण बेरीज पाहू नये. 5 एप्रिलची विक्री 4 मेला गेली तरी एकूण बेरीज पैशापैशानं जुळते. चोरी पकडते ती महिनावार बेरीज: फक्त एप्रिलच्या फाइलीत मे उगवलाच कसा?