बाण कुठल्या दिशेला?

भारतीय संविधानाचे ८३ आणि ८४ हे अनुच्छेद एकमेकांना लागून आहेत. एकात लोकसभेची मुदत ठरवलेली आहे, दुसऱ्यात संसदेवर निवडून जाण्याची पात्रता. तर्कशास्त्राचं पुस्तक उघडण्याआधी हे दोन अनुच्छेद शांतपणे वाचावेत, असं मला फार वाटतं. ‘केवळ’, ‘असल्याशिवाय नाही’ आणि ‘परंतु’ या तीन शब्दांपाशी विद्यार्थी हमखास अडतात, आणि या दोन अनुच्छेदांत त्या तिन्हींचं काम स्वच्छ दिसतं.

आधी अनुच्छेद ८४ घेऊ. भारताचा नागरिक असल्याशिवाय कोणीही संसदेवर निवडून जाण्यास पात्र नाही, असा त्यातल्या एका अटीचा आशय आहे. एकच माणूस डोळ्यांपुढे ठेवू. ‘तो पात्र आहे’ या विधानाला p म्हणू आणि ‘तो नागरिक आहे’ याला q. आता बाण कसा काढायचा, p → q की q → p? वाक्यात ‘नागरिक’ हा शब्द आधी येतो आणि अट म्हणूनही तोच दिसतो. त्यामुळे पुष्कळांचा हात q → p कडे वळतो. ते चूक आहे.

चूक ओळखायची एक भरवशाची रीत आहे. वाक्य खरं कधी ठरेल हे विचारत बसू नये, ते मोडेल कधी हे विचारावं. चार शक्यता आहेत. माणूस पात्र आहे आणि नागरिकही आहे, तर वाक्य टिकतं. तो नागरिक नाही आणि पात्रही नाही, तरी टिकतं. नागरिक नसताना पात्र ठरला, तर मात्र वाक्य मोडलं. चौथी शक्यता सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे नागरिक आहे पण पात्र नाही. वीस वर्षांची एखादी मुलगी जन्मानं भारतीय असली, तरी लोकसभेसाठी वयाची २५ वर्षं पुरी व्हावी लागतात, म्हणून ती पात्र नाही. तिच्यामुळे अनुच्छेद ८४ मोडला का? मुळीच नाही. म्हणजे वाक्य मोडतं ते फक्त p खरं आणि q खोटं असताना, आणि नेमकं त्याच ओळीत खोटं ठरणारं चिन्हरूप हे आहे:

```
p → q
```

q → p हे त्या वीस वर्षांच्या मुलीपाशीच खोटं ठरतं, त्यामुळे ते या वाक्याचं भाषांतर होऊच शकत नाही. सत्यता कोष्टकाच्या चारही ओळी मांडायला वेळ नसेल, तर दोन उत्तरांत फरक पाडणारी अशी एक ओळ शोधली तरी काम होतं.

‘केवळ’ची गोष्टही हीच आहे. ‘केवळ नागरिकच पात्र आहे’ या वाक्याचं रूप p → q. ‘केवळ’ ज्याच्या आधी येतं ते बाणाच्या टोकाशी, म्हणजे उत्तरांगात जातं. मराठीत हे काम एकटा ‘च’सुद्धा करतो, आणि त्याची जागा हलली की बाण उलटतो. ‘नागरिकच पात्र असतो’ म्हटलं तर p → q. ‘नागरिक पात्र असतोच’ म्हटलं तर q → p. एका अक्षराची जागा बदलली आणि आवश्यक अट पुरेशी होऊन बसली. ‘तर’ आणि ‘तरच’ यांच्यातलं अंतरही एवढंच आहे.

‘असल्याशिवाय नाही’साठी पुस्तकांत एक सोपी युक्ती दिलेली असते. त्या शब्दांच्या जागी सरळ ‘किंवा’ ठेवायचा. ‘तो पात्र नाही किंवा तो नागरिक आहे’, म्हणजे ∼p ∨ q. कोष्टक मांडलं तर हे आणि p → q एकच निघतं. युक्ती बरोबर आहे, पण इथे हमखास एक शंका येते. हा ‘किंवा’ दोन्ही बाजू एकदम खऱ्या होऊ देतो का? त्याचं उत्तर शेजारचे दोन अनुच्छेद मिळून देतात.

अनुच्छेद ८३ म्हणतो की आधी विसर्जित झाली नाही, तर लोकसभा पहिल्या बैठकीसाठी नेमलेल्या तारखेपासून पाच वर्षं चालेल, त्याहून अधिक नाही. पाच वर्षं पुरी होणं म्हणजे r आणि त्याआधी विसर्जन होणं म्हणजे s. युक्तीप्रमाणे r ∨ s. इथे दोन्ही एकदम खरं होणं शक्यच नाही, त्यामुळे हा ‘किंवा’ दोहोंपैकी एकच घडू देणारा वाटतो. पण तो अर्थ शब्दातून आलेला नाही. आधी विसर्जित झालेली सभा पाच वर्षं पुरी करू शकत नाही, ही वस्तुस्थिती आहे. अनुच्छेद ८४ मध्ये मात्र दोन्ही बाजू एकदम खऱ्या असतात, कारण ती वीस वर्षांची मुलगी पात्रही नाही आणि नागरिकही आहे. म्हणून चिन्हांत साधा ∨ च लिहावा. जास्तीची माहिती असेल तर ती वेगळं विधान म्हणून जोडावी.

आता अनुच्छेद ८३ चं परंतुक. आणीबाणीची उद्घोषणा अमलात असताना संसदेला कायदा करून ही मुदत वाढवता येईल, एका वेळी एक वर्षापर्यंतच. आणीबाणी अमलात आहे याला t आणि मुदत वाढवता येते याला u म्हणू. ‘अमुक अट पुरी असेल तर तमुक’ या धाटणीचं वाक्य असल्यामुळे अट पूर्वांगात जाते:

```
t → u
```

मग ‘आणीबाणी नसेल तर वाढवता येत नाही’ हे कुठून आलं? सगळ्यांना ते परंतुकातच ऐकू येतं, पण ते तिथे नाही. ते मूळ वाक्यातल्या ‘त्याहून अधिक नाही’ या शब्दांतून येतं. परंतुक t → u देतं. मूळ नियमाला परंतुकाखेरीज दुसरा अपवाद नाही, म्हणून ∼t → ∼u मिळतं. दोन्ही मिळून t आणि u सममूल्य होतात. एकट्या परंतुकावरून दुहेरी बाण काढणारा विद्यार्थी योगायोगानं बरोबर उत्तराला पोहोचतो. पुढच्या उदाहरणात मूळ वाक्य तितकं कडक नसलं की तो फसतो.

अक्षराला अर्थ देताना होणारी चूक याहून अवघड, कारण ती बाणाकडे पाहून दिसत नाही. समजा कोणी u चा अर्थ ‘मुदत वाढली’ असा घेतला. चीनच्या आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ ला जाहीर झालेली आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत अमलात होती. तिसऱ्या लोकसभेची पाच वर्षं त्या काळातच संपत आली. तरी मुदत वाढवली गेली नाही, फेब्रुवारी १९६७ मध्ये निवडणुका झाल्या. म्हणजे t खरं, u खोटं. या अर्थानं t → u मोडलं असं म्हणावं लागेल, पण संविधानाचं तर कुठेच उल्लंघन झालं नव्हतं. मोडलं होतं ते भाषांतर. ‘वाढवता येते’ आणि ‘वाढवली’ या दोन वेगळ्या विधानांना एकच अक्षर दिलं गेलं होतं. ‘वाढवली’ हे खरं झालं ते १९७६ मध्ये, जेव्हा संसदेनं दोन कायदे करून पाचव्या लोकसभेची मुदत दोनदा एकेक वर्षानं वाढवली.

विधानांच्या या तर्कशास्त्राची मर्यादाही इथेच लागते. ‘येते’ या क्रियापदातली मुभा त्याला उलगडता येत नाही, ती अख्खीच्या अख्खी u मध्ये बंद करून ठेवावी लागते. परंतुकातल्याच ‘एका वेळी एक वर्ष’ किंवा ‘उद्घोषणा संपल्यावर फार तर सहा महिने’ यांतला काळही बाण आणि ∨ यांच्या हाती लागत नाही. त्यासाठी काळ आणि संख्या बोलू शकणारी, याहून मोठी चिन्हभाषा घ्यावी लागते.