केळीचं खोड कुठे असतं?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या सातवीच्या वर्गात केळीची आकृती दाखवायची म्हणजे मोठं धाडस. बाकावरची निम्मी मुलं सुट्टीच्या दिवशी बागेत असतात. घड उलटा दिसला की ती हसणार. आता शिक्षकांच्या हातात चार ओळी लिहिल्या की चित्र काढून देणारी एआय साधनं आली आहेत. प्रोजेक्टर असलेल्या शाळांत विज्ञानाच्या आकृत्याही तिथूनच येऊ लागल्या आहेत. त्यांच्यात काय चुकू शकतं हे बघायला खानदेशासारखी जागा नाही, कारण परीक्षक घरातच बसलेले आहेत.

केळीपासूनच सुरुवात करू. ज्याला आपण केळीचं खोड म्हणतो, ते खरं खोड नसतंच. पानांच्या देठांचे रुंद तळ एकावर एक गुंडाळून तयार झालेला तो खांब आहे. आडवा कापला की कांद्यासारखे थर दिसतात. खरं खोड जमिनीत असतं, तो कंद. त्यातूनच बाजूला मुनवे फुटतात आणि त्यातूनच फुलोऱ्याचा दांडा खांबाच्या पोटातून वर चढत शेंड्याला बाहेर पडतो. मुळं तंतुमय, कारण केळ एकदलिकित आहे. आता साधनाकडून आलेली आकृती नीट पाहा. सालपटं असलेला लाकडी बुंधा, खाली आंब्यासारखं सोटमूळ, बाजूला फांदी आणि तिला लोंबणारी फणी, असं काहीही त्यात असू शकतं. घडातली केळी टोकाने जमिनीकडे दाखवलेली असतात. बागेतला घड खाली लोंबतो खरा, पण त्यातली केळी वाढताना वर वळतात, आणि घडाच्या खालच्या टोकाला केळफूल असतं. साधन असं का चुकतं, तेही उघड आहे. साधन चित्रं पाहून चित्रं काढायला शिकलं, आणि जगात केळीची चित्रं बागेतली कमी, टोपलीतली नि दुकानातली जास्त. केळ वाढते कशी, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

धुळे जिल्ह्यात तीच गोष्ट कापसाची. शिंदखेड्याच्या मुलाला पाते, फूल, बोंड आणि सरकी हा क्रम पाठ करावा लागत नाही. फूल फिकट पिवळं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं, मग बोंड धरतं. ते वाळून तडकलं की आत तीन ते पाच कप्पे दिसतात आणि प्रत्येकात सरकीला चिकटलेला कापूस असतो. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या आवरणावरची लांब वाढलेली एकच पेशी. पांढऱ्या कापसालाच ‘फूल’ असं नाव देऊन पाकळ्यांच्या जागी दाखवणारी आकृती चुकली, हे सांगायला इथे पदवी लागत नाही.

खरी अडचण पुढे येते. वर्गातल्या कोणीच न पाहिलेल्या गोष्टीची आकृती आली, की हसणारं कोणी उरत नाही. हृदय त्यातलं पहिलं.

हृदयाची आकृती तपासायला बोट पुरतं. शरीरातलं रक्त ज्या वाटेने जातं, त्याच वाटेने आकृतीवर बोट फिरवायचं. वरून आणि खालून येणाऱ्या महाशिरा उजव्या अलिंदात उघडतात. तिथून झडप ओलांडून उजवं निलय, तिथून फुप्फुस धमनी, मग फुप्फुसं. परत येताना फुप्फुस शिरा चार, आणि त्या डाव्या अलिंदात येतात. पुढे डावं निलय आणि महाधमनी. वाटेत बोट कुठे अडलं, एखादी नळी भिंतीत संपली किंवा दोन्ही निलयांच्या मधल्या पडद्याला भोक दिसलं, तर आकृती बाद.

या वाटेवर तीन ठिकाणी हमखास घसरण होते. पहिलं उजवं-डावं. पुस्तकातलं हृदय समोर उभ्या माणसाचं असतं, त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. साधन कधी सबंध चित्र आरशातल्यासारखं फिरवतं. कधी चित्र बरोबर असतं आणि नावं फिरलेली असतात. दुसरं रंगाचं. धमनी लाल आणि शिरा निळी ही सवय इतकी पक्की झाली आहे, की फुप्फुस धमनीही लाल रंगवली जाते. तिच्यातून तर ऑक्सिजन कमी असलेलं रक्त फुप्फुसाकडे जातं, म्हणून तिथे निळाच रंग हवा, आणि फुप्फुस शिरांना लाल. परीक्षेत याच अपवादावर प्रश्न येतो, आणि चित्र नेमकं उलटं शिकवून बसतं.

तिसरं प्रमाण, आणि हे सगळ्यात कमी तपासलं जातं. डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या साधारण तिप्पट जाड असते. उजव्या निलयाला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं असतं, त्याचा जोर सुमारे 25 मिलिमीटर पाऱ्याइतका. डाव्याला सगळ्या शरीरभर पाठवायचं, तिथे 120 लागतात. दोन्ही भिंती सारख्या जाडीच्या दाखवल्या, की हे कारणच पुसलं जातं. चित्र देखणं राहतं, हृदय डावं-उजवं सारखं होतं, आणि मुलाला ‘भिंत जाड का?’ हा प्रश्नच पडत नाही.

ही फक्त शाळेची गोष्ट नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘फ्रंटियर्स इन सेल अँड डेव्हलपमेंटल बायॉलॉजी’ या संशोधन-नियतकालिकात मिडजर्नी या साधनाने काढलेली उंदराची आकृती छापून आली. उंदराचं जननेंद्रिय त्याच्या अंगापेक्षा मोठं, आणि बाजूला ‘टेस्टटोमसेल्स’सारखी कोणत्याही भाषेत नसलेली नावं. लेखकांनी साधनाचं नाव लेखातच दिलं होतं. तज्ज्ञांच्या तपासणीतून लेख निघून गेला. वाचकांनी हसायला सुरुवात केल्यावर काही दिवसांतच तो मागे घेण्यात आला. उंदीर सगळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून हसू आलं.

तेव्हाच्या साधनांना अक्षरंच येत नव्हती, कारण त्यांना अक्षर म्हणजे एक आकार, घराच्या छपरासारखा. देवनागरीत ते अधिक उघडं पडतं. ‘शिरा’मधली पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर चढते, ‘प्ल’ आणि ‘त्र’ तुटतात. नव्या साधनांची अक्षरं पुष्कळ सुधारली आहेत. माझ्या मते इथे काळजी कमी न होता वाढते. नाव शुद्ध लिहिलेलं असलं, की नजर पुढे सरकते आणि नावापासून निघालेली रेघ कुठे टेकली आहे, ते कोणी बघत नाही. ‘निलय’ हा शब्द सुंदर अक्षरात असतो, पण रेघ टेकलेली असते अलिंदाला.

म्हणून सवय एवढीच लावावी, की साधनाकडून नावांशिवाय चित्र मागायचं. नावं आपण टाइप करायची, बालभारतीच्या पुस्तकातली, जशीच्या तशी. कारण उत्तरपत्रिकेत मुलाला तेच लिहायचं आहे. एकाच अवयवाला फळ्यावर एक नाव आणि पुस्तकात दुसरं, हा घोळ शिकवताना फार छळतो. प्रत्येक रेघेचं टोक शंभर टक्के मोठं करून बघायचं, आणि अवयव मोजायचे. उजव्या फुप्फुसाला तीन खंड, डाव्याला दोन. हा आकडा बघायला अर्धं मिनिट लागतं, पण दोन्ही बाजू सारख्या काढण्याची साधनाची खोड इथे लगेच पकडली जाते.

प्रमाण पाळणं शक्यच नसेल, तिथे तसं चित्राखाली लिहावं. सूर्यमालेचं उदाहरण घ्या. सूर्य एक मीटरचा चेंडू मानला तर पृथ्वी 9 मिलिमीटरची, आणि ती चेंडूपासून 107 मीटरवर. हे कोणत्याच कागदावर मावत नाही. साधनाचं चित्र सूर्याला लागून पृथ्वी ठेवतं, आणि छापील पुस्तकालाही ते टाळता येत नाही. ‘अंतरं व आकार प्रमाणात नाहीत’ हे पाच शब्द खाली असले, तर मूल मैदानात जाऊन 107 मीटर मोजू शकतं.

हृदयाच्या भिंतीसाठी मैदानही लागत नाही. धुळे असो की जळगाव, बाजारातल्या खाटकाकडून बोकडाचं हृदय मिळतं. टोकाकडून आडवं कापून बशीत ठेवलं की दोन भिंतींतला फरक अंगठ्याला लागतो, आणि पडद्यावरची आकृती शेजारी उघडून ताडून पाहता येते.